नाशिकला सोडियम बॅटरी कशासाठी हवी?

थंडीची लाट आली आणि निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला, की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंद वर्तमानपत्रांत ठळकपणे येते आणि द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात. सौरऊर्जेची यंत्रणा विकणाऱ्यांच्या बोलण्यात हा संदर्भ अलीकडे सोडियम-आयन बॅटरीच्या निमित्ताने येऊ लागला आहे. ही बॅटरी मिठासारख्या स्वस्त पदार्थापासून बनते, उणे वीस अंशांतही चालते आणि लिथियमसारखी पेट घेत नाही, असे तीन दावे एका दमात केले जातात. तिन्हींत काही ना काही तथ्य आहे, परंतु जिल्ह्यातील दूध संस्था, ग्रामपंचायती, शीतगृहे आणि महापालिका यांनी ज्या आधारावर खरेदीचा निर्णय घ्यावा, असा आधार त्यांपैकी एकही दावा पुरवत नाही. सोडियमला नाशिकमध्ये जागा आहे असे माझे मत आहे. मात्र ती जागा एका ठिकाणी स्थिर राहणाऱ्या साठवणुकीत आणि जुन्या शिसे-आम्ल बॅटरीच्या बदल्यात आहे. तीही खरेदीदाराने आपल्या इन्व्हर्टरमधून आणि आपल्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष किती युनिट बाहेर पडतात याचा हिशेब आधी मागितला, तरच टिकेल.

दोन्ही सेलची रचना जवळपास एकच असते. धन बाजूला धातूच्या संयुगाचा लेप, ऋण बाजूला कार्बनचा लेप, मध्ये सच्छिद्र पडदा आणि सगळे भिजवणारा इलेक्ट्रोलाइट. चार्ज करताना आयन धन बाजूकडून ऋण बाजूकडे जातात आणि वापरताना परत येतात. लिथियममध्ये ऋण बाजूला ग्राफाइट चालते. सोडियमचा आयन आकाराने मोठा असून तो ग्राफाइटच्या थरांत नीट बसत नाही, म्हणून तेथे हार्ड कार्बन हा अव्यवस्थित रचनेचा कार्बन वापरावा लागतो. दुसरा फरक हे लेप ज्यावर चढवतात त्या धातूच्या पत्र्याचा. लिथियम कमी विभवाला ॲल्युमिनियमशी मिश्रधातू बनवतो, त्यामुळे ऋण बाजूला तांब्याचा पत्रा लागतो. सोडियम तसे करत नाही, म्हणून तेथेही ॲल्युमिनियम चालते. स्वस्ताईचा आणि ऊर्जाघनतेचा सारा वाद या दोन फरकांतून आणि सोडियमच्या अधिक वजनातून निघतो.

थंडीचा दावा प्रथम घेऊ, कारण तो सर्वांत खरा आहे आणि नाशिकसाठी सर्वांत कमी उपयोगाचा आहे. इलेक्ट्रोलाइटमध्ये प्रत्येक आयन द्रावकाच्या रेणूंनी वेढलेला असतो आणि ऋण बाजूच्या कार्बनमध्ये शिरण्यापूर्वी त्याला हे वेष्टण उतरवावे लागते. लिथियमचा आयन लहान असल्याने त्याचा विद्युतभार दाट असतो आणि तो द्रावकाला घट्ट धरून ठेवतो. सोडियमची पकड सैल असते. तापमान उतरल्यावर वेष्टण उतरवण्याची ही क्रिया मंदावते आणि ती लिथियममध्ये अधिक मंदावते. उणे वीस अंशांवर लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, सेल आपल्या क्षमतेचा मोठा भाग गमावतो, तर सीएटीएल या चिनी कंपनीने 2021 मध्ये जाहीर केलेला सोडियम सेल त्याच तापमानाला 90 टक्के क्षमता राखतो, असा तिचा दावा आहे.

वापरणे आणि चार्ज करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र येथे लक्षात घेतले पाहिजे. शून्य अंशाखाली एलएफपी सेल चार्ज करू नये असे उत्पादक सांगतात, कारण आयनांना ग्राफाइटमध्ये शिरायला वेळ लागल्यास लिथियम धातूच्या रूपात पृष्ठभागावर साचतो. त्यातून क्षमता कायमची जाते आणि शॉर्ट सर्किटची शक्यता निर्माण होते. हार्ड कार्बनमध्येही चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात विभव सोडियम धातूच्या विभवाच्या अगदी जवळ येते. म्हणजे अतिथंडीत जलद चार्जिंग केल्यास तोच धोका तेथेही असतो, फक्त तो कमी तापमानाला सुरू होतो. लेह-लडाखमधील दूरसंचार मनोऱ्याला किंवा उत्तर चीनमधील मोटारीला या फरकाची किंमत मोजावी लागते, आणि तेथे सोडियम घ्यावा यात शंका नाही. निफाडमध्ये कडाक्याच्या पहाटेही खोलीत ठेवलेल्या बॅटरीचा गाभा शून्याच्या बराच वर असतो. पाच अंशांवर एलएफपी थोडा सुस्तावतो, त्याचा चार्जिंगचा वेग कमी ठेवावा लागतो, आणि दहा वाजता ऊन वर आले की प्रश्न मिटतो. थंडीतील कामगिरीसाठी येथील शेतकऱ्याने एक रुपयाही जास्त देण्याचे कारण मला दिसत नाही.

आपला प्रश्न उलट टोकाचा आहे. मालेगावला एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमधील हवा त्याहून तापते. या तापमानाला दोन्ही रसायने चालतात, पण चालणे आणि टिकणे यांत फरक आहे. जाहिरातीतील साठ-सत्तर अंशांचा आकडा सेल तेवढ्या उष्णतेत बंद पडत नाही एवढेच सांगतो. तेथे किती वर्षे चालेल हे त्यात नसते. कार्बनच्या पृष्ठभागावर पहिल्या काही चार्जिंगमध्ये एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि सेलचे आयुष्य बहुतांशी या थराच्या स्थैर्यावर असते. सोडियम सेलमधील हा थर ज्या क्षारांचा बनतो ते लिथियमच्या तशाच क्षारांपेक्षा इलेक्ट्रोलाइटमध्ये अधिक विरघळतात. उष्णतेत विरघळणे वाढते, थर पुन्हा पुन्हा बनतो आणि प्रत्येक वेळी थोडा सोडियम त्यात कायमचा अडकतो. इलेक्ट्रोलाइटमध्ये योग्य पूरके घालून हे बरेच आटोक्यात आणता येते, आणि चांगले उत्पादक ते करतात. पण आपल्या हातात आलेला माल त्या दर्जाचा आहे की नाही हे पंचवीस अंशांवर मोजलेल्या सायकलच्या, म्हणजे पूर्ण चार्ज-वापराच्या फेऱ्यांच्या, आकड्यावरून कळत नाही. माहितीपत्रकात सहा हजार सायकल लिहिले असतील आणि शेजारी तापमान लिहिलेले नसेल, तर तो आकडा मालेगावसाठी कोरा समजावा.

आता स्वस्ताईकडे वळू. सोडियमचा कच्चा माल म्हणजे सोडा ॲश. तो गुजरातच्या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात तयार होतो आणि किलोला काही दशक रुपयांत मिळतो. लिथियम कार्बोनेट त्याच्या कितीतरी पट महाग असते, आणि येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण महाग पदार्थ किती लागतो हे कोणी विचारत नाही. एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, साठवणाऱ्या एलएफपी सेलसाठी साधारण 600 ग्रॅम लिथियम कार्बोनेट लागते. 2022 च्या अखेरीस त्याचा भाव चीनमध्ये टनाला सहा लाख युआनच्या आसपास, म्हणजे सुमारे 80 हजार डॉलरपर्यंत गेला होता. त्या भावाने एका युनिटमागे लिथियमचाच खर्च सुमारे 48 डॉलर, म्हणजे चार हजार रुपयांच्या घरात जात होता. सोडियमच्या कारखान्यांच्या घोषणांना जोर आला तो याच काळात. पुढे भाव कोसळला आणि टनाला 10 हजार डॉलरच्या पातळीवर आला. त्या भावाने हाच खर्च सहा डॉलर, म्हणजे सुमारे पाचशे रुपये होतो. म्हणजे लिथियम पूर्णपणे काढून टाकला आणि त्याच्या जागी सोडियम फुकट मिळाला असे धरले, तरी या भावाला एका युनिटमागे पाचशे रुपयांहून अधिक वाचत नाहीत.

तांब्याऐवजी ॲल्युमिनियम वापरल्याने आणखी थोडी बचत होते. पण तिच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टीही आहेत. सोडियम सेलची ऊर्जाघनता कमी असल्याने तेवढेच युनिट साठवायला जास्त सेल, जास्त पत्रा, जास्त पडदा आणि जास्त इलेक्ट्रोलाइट लागतो. ग्राफाइटचे कारखाने अवाढव्य आहेत, हार्ड कार्बनचे अजून लहान आहेत, त्यामुळे तो महाग पडतो. शिवाय पहिल्या चार्जिंगमध्येच हार्ड कार्बन ग्राफाइटपेक्षा जास्त आयन गिळून टाकतो आणि ते परत देत नाही. याचा एकत्रित परिणाम असा, की कच्चा माल स्वस्त असूनही बाजारातील सोडियम सेल अद्याप एलएफपीपेक्षा स्वस्त झालेला नाही. उत्पादन वाढेल तसा तो होऊ शकेल, आणि लिथियमचा भाव पुन्हा उसळला तर लवकर होईल. सोडियमचे खरे आर्थिक मोल मला येथे दिसते: लिथियमच्या भावाला लागलेले ते एक झाकण आहे. ज्या भावाला सोडियम परवडू लागतो त्याच्या वर लिथियमला फार काळ राहता येणार नाही. हा फायदा सोडियम न घेणाऱ्यालाही मिळतो.

सोडियममध्ये कोबाल्ट आणि निकेल नसते, त्यामुळे ती अधिक स्वच्छ आणि स्वावलंबी आहे, असेही सांगितले जाते. एलएफपीमध्येही कोबाल्ट-निकेल नसते, म्हणून ही तुलना जुन्या मोटारींच्या बॅटरीशी आहे, आज घरोघरी बसणाऱ्या बॅटरीशी नाही. उलट सोडियमच्या थररूप ऑक्साइड प्रकारातील अनेक सेलमध्ये धन बाजूला निकेल, लोह आणि मँगनीज असतात. स्वावलंबनाचेही तसेच. रिलायन्सने 2022 च्या सुरुवातीला फॅरेडियन ही ब्रिटिश कंपनी घेतली आणि पुण्यातील केपीआयटीने डिसेंबर 2023 मध्ये आपले सोडियम तंत्रज्ञान जाहीर केले, हे खरे. पण सोडियम सेलचे सर्वांत मोठे उत्पादन आज चीनमध्येच होते. मध्यंतरी शेतातील अवशेषांपासून हार्ड कार्बन करण्याच्या बातम्या आल्या, तेव्हा खरड छाटणीत निघणाऱ्या द्राक्षाच्या काड्यांचे सोने होणार, असे आपल्याकडे बोलले गेले. प्रयोगशाळेत काड्यांपासून हार्ड कार्बन निश्चित बनतो. कारखान्यात मात्र दर खेपेला एकसारखा कार्बन लागतो, काड्यांतील पोटॅश आणि वाळूचा अंश आम्लाने धुवावा लागतो, हजार-बाराशे अंशांच्या वर भाजल्यावर मूळ वजनाचा लहानसा हिस्सा उरतो, आणि काड्या वर्षातून ठरावीक आठवड्यांतच मिळतात. हे सोने इतक्यात उगवेल असे मला वाटत नाही.

ऊर्जाघनतेचा प्रश्न नाशिकमध्ये सिंहस्थाच्या निमित्ताने बसच्या रूपात समोर येतो. सीएटीएलचा 2021 चा सोडियम सेल किलोला 160 वॅट-तासांचा होता आणि 2025 मध्ये जाहीर झालेला 175 चा आहे, म्हणजे चांगल्या एलएफपीच्या जवळ पोहोचलेला. पण ही अग्रणी कंपनीची आघाडीची उत्पादने आहेत. बाजारातील बहुसंख्य सोडियम सेल 120 ते 150 च्या दरम्यान असतात. 200 युनिटची बसची बॅटरी घेऊ. पेटी, शीतकरण आणि वायरिंग धरून किलोला 140 वॅट-तास मिळणारा एलएफपी संच सुमारे 1,430 किलोचा होईल. सोडियमचा संच किलोला 105 वॅट-तासांचा धरला, तर तो सुमारे 1,900 किलोचा होईल. फरक 470 किलोचा, म्हणजे सात प्रवाशांचा. त्र्यंबकच्या रस्त्यावर गर्दीत भरून धावणाऱ्या बसने हे ओझे दिवसभर वाहण्याचे काहीच कारण नाही. त्याच संचाने डेपोत जमिनीवर बसून दुपारची सौर वीज साठवावी आणि संध्याकाळी बसमध्ये भरावी, हे मात्र पटण्यासारखे आहे, कारण जमिनीला वजनाची तक्रार नसते. चीनमध्ये 2024 मध्ये हुबेई प्रांतात 100 मेगावॅट-तासांचे, म्हणजे एक लाख युनिटचे, सोडियमचे साठवणूक केंद्र सुरू झाले. ते याच तर्काने.

स्थिर साठवणुकीत मग अडचण कोठे येते, हे पाहण्यासाठी सिन्नर तालुक्यातील एखाद्या दूध संकलन केंद्राचे कल्पित उदाहरण घेऊ. संध्याकाळचे दूध आले की शीतकरण टाकीचा कॉम्प्रेसर चालू होतो आणि त्याच वेळी वीज जाते. केंद्राला वीज नसताना रोज साधारण 12 युनिट लागतात आणि छतावर सौर पॅनेल आहेत. विक्रेता 48 व्होल्टच्या इन्व्हर्टरवर सुमारे 14 युनिटचा संच सुचवतो आणि सांगतो, की एलएफपी घ्या किंवा सोडियम घ्या, दोन्ही सोळा सेलचे आहेत.

एलएफपीचा सेल साधारण 2.5 ते 3.65 व्होल्टमध्ये काम करतो आणि त्यातील बहुतेक ऊर्जा 3.2 व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट रेषेत बाहेर येते. सोळा सेल एकापुढे एक जोडले की संचाचा विद्युतदाब बहुतांश वेळ 51-52 व्होल्ट राहतो. इन्व्हर्टर 42 व्होल्टला बंद पडतो आणि 58 व्होल्टपर्यंत चार्ज करतो असे धरले, तर एलएफपीची जवळपास सगळी ऊर्जा या खिडकीत बसते. सोडियमच्या थररूप ऑक्साइड सेलचे तसे नाही. त्याचा दाब पूर्ण भरल्यावर 4 व्होल्टच्या जवळ असतो आणि रिकामा होईपर्यंत उतरणीने 1.5 व्होल्टपर्यंत येतो. सोळा सेलचा संच म्हणजे वर 64 आणि खाली 24 व्होल्ट. इन्व्हर्टर 58 व्होल्टलाच चार्जिंग थांबवतो, म्हणजे प्रत्येक सेल 3.63 व्होल्टपर्यंतच भरतो; आणि 42 व्होल्टला बंद पडतो, म्हणजे प्रत्येक सेलमध्ये 2.63 व्होल्टच्या खालची ऊर्जा शिल्लक राहते. वरचा तुकडाही गेला आणि खालचाही. सेलचा दाब ज्या वक्राने उतरतो त्याप्रमाणे हा तोटा बदलतो. आपण चौथा हिस्सा धरू. 14 युनिटच्या संचातून साडेदहा युनिट मिळतील आणि केंद्राची गरज 12 ची आहे.

सेलची संख्या बदलून पाहिली तर काय होते? चौदा सेल घेतले तर वरचे टोक 56 व्होल्टला नीट बसते, पण खाली 42 व्होल्ट म्हणजे सेलमागे 3 व्होल्ट होतात, आणि उतरणीवर त्याखालीच जवळपास निम्मी ऊर्जा असते. अठरा सेल घेतले तर खालचे टोक सुधारते, पण वरच्या टोकाला सेल 3.2 व्होल्टच्या वर भरताच येत नाही. एलएफपीसाठी आखलेल्या इन्व्हर्टरमध्ये या प्रकारच्या सोडियमला अनुकूल असा आकडाच नाही. हा दोष सेलचा म्हणता येणार नाही, इन्व्हर्टरचाही नाही. जोडी चुकीची आहे.

केंद्रावर हे कसे लक्षात येईल, तेही सांगितले पाहिजे, कारण तक्रार नेमकी मांडली नाही तर विक्रेता लोडवर खापर फोडतो. बॅटरीच्या मोबाइल ॲपवर पंचवीस-तीस टक्के चार्ज शिल्लक दिसत असताना इन्व्हर्टर कमी व्होल्टेजचा इशारा देऊन बंद पडतो. विशेषतः कॉम्प्रेसर चालू होण्याच्या क्षणी तो पडतो, कारण सुरुवातीचा करंट नेहमीच्या कितीतरी पट असतो आणि आधीच उतरलेला दाब त्या क्षणी आणखी खाली जातो. दुसरी खूण वायरची. तेवढीच वीज द्यायला दाब कमी असेल तर करंट जास्त लागतो. 5 किलोवॅटसाठी 52 व्होल्टला 96 अँपिअर पुरतात, पण 42 व्होल्टला 119 लागतात. केबल आणि तिच्या टोकाचे लग संध्याकाळच्या शेवटी हाताला गरम लागत असतील, तर केबलचा आकार एलएफपीच्या हिशेबाने घातला गेला आहे असे समजावे.

यावर उपाय आहेत. सुमारे 38 ते 62 व्होल्ट इतकी रुंद खिडकी ठेवता येणारा इन्व्हर्टर असेल, तर याच सोळा सेलची बहुतेक ऊर्जा वापरता येते. उच्च व्होल्टेजच्या हायब्रिड इन्व्हर्टरची खिडकी मुळातच रुंद असते. दुसरा मार्ग सेलचा प्रकार बदलण्याचा. सोडियम, लोह आणि फॉस्फेट यांच्या मिश्र संयुगाचा जो प्रकार आहे, त्यात निकेल नसते आणि पूर्ण भरल्यावरही दाब साधारण साडेतीन व्होल्टच्या आत राहतो. त्याचा वक्रही कमी उताराचा आहे. सोळा-सतरा सेलमध्ये तो साध्या इन्व्हर्टरशी बऱ्यापैकी जुळतो. ऊर्जाघनता आणखी कमी, पण आयुष्य लांब आणि उष्णतेत स्वभाव शांत. दूध केंद्राच्या भिंतीलगत चार सेल जास्त बसले तर कोणाचे काही बिघडत नाही. म्हणून ‘सोडियम बॅटरी आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानता कामा नये; कोणता सोडियम, हे विचारलेच पाहिजे. उतरत्या वक्राचा एक फायदाही न्यायाने नोंदवला पाहिजे. एलएफपीचा दाब सपाट असल्याने त्यात किती चार्ज उरला हे केवळ व्होल्टेजवरून कळत नाही आणि ॲपमधील टक्के हळूहळू चुकू लागतात. सोडियममध्ये शांत अवस्थेतील व्होल्टेज पाहिले की शिल्लक बऱ्यापैकी अचूक कळते.

ज्या जागी सोडियम मला निःसंशय उजवा वाटतो, ती जागा शिसे-आम्लाची आहे. दुकानांतील आणि घरांतील ट्यूब्युलर बॅटऱ्या, ई-रिक्षांच्या बॅटऱ्या, ग्रामपंचायतींच्या सौर दिव्यांच्या पेट्या यांचे आयुष्य बहुधा अर्धवट चार्जिंगने संपते. पावसाळ्यात ढगाळ दिवस लागोपाठ आले, की प्लेटवर सल्फेटचे स्फटिक घट्ट होतात आणि क्षमता परत येत नाही. सोडियमला अर्धवट चार्ज राहण्याचा असा त्रास नाही, डिस्टिल्ड वॉटर लागत नाही आणि किलोला तीन-चार पट ऊर्जा मिळते. हे सारे एलएफपीलाही लागू आहे, हे मान्य. पण सोडियमला ॲल्युमिनियमच्या पत्र्यामुळे एक जास्तीचे कवच मिळते: दिवा महिनाभर विसरला गेला आणि सेल पूर्ण उतरला, तरी तो सहसा मरत नाही. एलएफपी सेलचा दाब फार खाली गेला तर तांबे विरघळू लागते आणि पुढच्या चार्जिंगला तो धोकादायक ठरू शकतो. गावातील सौर दिव्याकडे कोणी रोज लक्ष देत नाही, त्यामुळे हा फरक तेथे मोलाचा आहे. याच गुणामुळे सोडियम सेल शून्य व्होल्टला आणून निर्धोकपणे वाहून नेता येतो. मात्र त्यावरून ‘पेट घेत नाही’ हा निष्कर्ष काढू नये. भरलेल्या सोडियम सेलमध्ये तोच ज्वलनशील द्रावक असतो. शॉर्ट झाला, ठेचला किंवा अतिरेकी चार्ज झाला तर तो तापतो, वायू सोडतो आणि पेटूही शकतो. बॅटरीच्या खोलीला हवा खेळती ठेवण्याचे आणि सेलवर लक्ष ठेवणाऱ्या चांगल्या नियंत्रण यंत्रणेचे, म्हणजे बीएमएसचे, नियम तिलाही लागू आहेत.

सार्वजनिक पैशाने होणाऱ्या खरेदीत म्हणून रसायनाचे नाव निविदेत लिहूच नये, असे माझे म्हणणे आहे. निविदेत मागणी कामाची असावी: इन्व्हर्टरच्या बाहेर, 45 अंश तापमानाला, पहिल्या वर्षी रोज किती युनिट आणि सातव्या वर्षी किती. दर लावायचा तो संचावर छापलेल्या युनिटला नव्हे, तर त्या मुदतीत बाहेर पडणाऱ्या एकूण युनिटला. एलएफपी जिंकला तर त्याने जिंकावे. आजच्या भावाला अनेक ठिकाणी तोच जिंकेल असा माझा अंदाज आहे, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. छापील आकडा सोडियमच्या बाजूने खोटा ठरतो तसा स्वस्त एलएफपीच्या बाजूनेही ठरतो, आणि या एका अटीने दोघांचीही परीक्षा होते. हमी कोण देतो हेही पाहिले पाहिजे. सोडियमवर मोठी गुंतवणूक मिळवलेली अमेरिकेतील नॅट्रॉन ही कंपनी 2025 मध्ये बंद पडली. दहा वर्षांची लेखी हमी तितकी वर्षे टिकणाऱ्या कंपनीचीच कामाची असते.

शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची प्रादेशिक चाचणी प्रयोगशाळा उभी राहिली आहे आणि सातपूर-अंबडच्या वसाहतींत विद्युत उपकरणे बनवणाऱ्यांची पिढ्यांची परंपरा आहे. सेलचा कारखाना आणण्याच्या स्वप्नापेक्षा सोडियमच्या उतरत्या वक्राला जुळणारे इन्व्हर्टर आणि बीएमएस बनवणे व तपासणे हे काम या शहराच्या हाताला जवळचे आहे.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत आणि खरेदीदार विचारत नाहीत. जुनी शिसे-आम्ल बॅटरी भंगारवाला पैसे देऊन नेतो, कारण शिसे विकले जाते. लिथियमच्या संचातही तांबे आणि लिथियम असते. सोडियम सेल स्वस्त पदार्थांचा बनलेला आहे, आणि त्यामुळे निकामी झाल्यावर त्यातून काढण्यासारखे फारसे काही उरत नाही. तो कोणी आपणहून विकत घेणार नाही. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आणि आयातदारावर आहे. ग्रामपंचायतीने पन्नास दिव्यांच्या पेट्या घेताना त्या कोण, कोठून आणि कोणाच्या खर्चाने परत नेईल हे करारात लिहून घ्यावे आणि तेवढी रक्कम कामाच्या देयकातून शेवटपर्यंत राखून ठेवावी.